दोन फूट वाढलेलं जोतं

घनसावंगीकडच्या एका शेतकरी कंपनीच्या गोदामाची गोष्ट जालन्यातले ठेकेदार अजून सांगतात. वाढीव कामाचं बिल संचालकांपुढं कसं उभं करावं, याचा तो नमुना आहे, असं ते म्हणतात. नमुना आहेच. त्यातली मापं आणि दर आजही कुणी तपासावेत. पण ही गोष्ट आजवर मी जशी सांगत आलो, त्यात एक माणूस गाळलेला आहे. आता वय झालं आहे आणि दुसरं कुणी ती दुरुस्त करणार नाही.

ठेका माझा होता. गोदाम तीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. भोवती दगडी जोतं, आत मुरुमाची भराई, वर लोखंडी खांब आणि पत्रे. नकाशात जोतं दीड फुटाचं आणि समोर ट्रॅक्टर चढायला उतार होता. दगडकाम पूर्ण झालं, आतली भराई संपत आली, तेव्हा मी जोत्यावर उभा राहून बघत होतो. बाजूला खडीचा ट्रक लागला होता. त्याचा मागचा उघडा फाळका माझ्या गुडघ्याच्या वर येत होता. मनात आलं, इथं सोयाबीनची पोती चढवायची म्हणजे हमालाला प्रत्येक पोतं डोक्यावर उचलावं लागणार. जोतं आणखी दोन फूट वर घेतलं तर फाळका टेकेल आणि पोतं नुसतं सरकवता येईल.

कंपनीचं रोजचं काम एक बाई बघायची. व्यवस्थापक. गावातल्याच एका घरची सून, शेतकीची पदवी घेतलेली. तिला सगळे मॅडम म्हणत, मीही म्हणे. मी तिला तो ट्रक दाखवला.

ती म्हणाली, "बराबर आहे साहेब. पण खर्चा?"

"वाढेल. करारातल्याच दरानं वाढेल. उतार रद्द होईल, त्याचे पैसे वजा."

तिनं तिथूनच नकाशे काढणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला. त्यानं संध्याकाळपर्यंत सुधारित नकाशा मोबाइलवर पाठवला. अध्यक्ष तेव्हा पुण्याला मुलीकडं गेलेले. मॅडम म्हणाली, "करा सुरू. मंडळाला मी सांगते." हंगाम तोंडावर होता. लोखंडी खांब एकदा उभे राहिले की जोतं वाढवता येणार नव्हतं. मी सुरू केलं.

लेखी आदेश घेतला नाही. चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की मालकाची सही नसेल तर पाटीभर मातीही उचलू नका. आमच्याकडं शब्दावर काम चालतं आणि शंभरात नव्वद वेळा निभतंही. त्या भरवशावर मी राहिलो.

बाकी मात्र सगळं नियमानं केलं. जुनं जोतं जिथं संपत होतं तिथं भिंतीच्या आतल्या अंगाला लाल रंगाची रेघ सगळीकडून मारून घेतली. नवी भराई सुरू करण्याआधी पातळी यंत्रानं उंच्या घेतल्या, संपल्यावर पुन्हा घेतल्या. दोन्ही वेळी इंजिनिअरचा माणूस हजर होता. वरचा काँक्रीटचा कोबा मात्र घालू दिला नाही. झाकलेल्या कामाचे पैसे मागणं म्हणजे देवाची शपथ घेऊन पैसे मागणं. लोक देतात, पण मनातून देत नाहीत.

मुरुमाचा भाव त्या महिन्यात चढला होता. माझा भाचा हिशेब लिहायचा. तो म्हणाला, "मामा, ही वरची भराई नवी बाब म्हणून दाखवू. आजचा भाव लागंल."

"तोच मुरूम, तीच दबाई, तोच रोलर. नवं काय आहे त्यात?"

"उंची नवी है ना."

"उंचीला दर नसतो. घनमीटरला असतो."

करारात कलम साफ होतं: वाढीव कामात बाब तीच असेल तर दर तोच. बाब नवी असेल तरच बाजारभाव, आणि त्यावर दहा टक्के. नवी बाब एकच निघाली. ट्रकच्या धक्क्यानं कड फुटू नये म्हणून जोत्याच्या समोरच्या काठाला लोखंडी अँगल. त्याचे दोन भाव मी जालन्यातून लेखी आणले आणि कमी असलेला धरला.

बिल मंडळाकडं गेलं आणि गावात बोललं जाऊ लागलं. ठेका ठरला तेवढ्या पैशात गोदाम का होत नाही? बाईनं परस्पर काम वाढवलं, म्हणजे टक्का घेतला असणार. बसस्टँडजवळच्या हॉटेलात हे मी माझ्या कानानं ऐकलं. मागच्या बाकड्यावर दोघं बसले होते.

एक म्हणाला, "मंडळाला न इचारता दोन फूट! फुकट का?"

दुसरा म्हणाला, "नवी स्कुटी घेतली न्हाई का मॅडमनं."

मी चहा संपवला, पैसे दिले आणि जीपमध्ये बसलो. स्कुटी तिनं हप्त्यावर घेतली होती, हेही मला माहीत होतं. वळून एवढं म्हणायचं होतं की कल्पना माझी होती. म्हणालो नाही. तसं म्हटलं तर ठेकेदारानं स्वतःच काम वाढवून घेतलं, असं होईल आणि बिल अडकेल, हा हिशेब मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत केला. पुढं दोन आठवडे तोच हिशेब धरून बसलो.

मग मंडळानं बैठक बोलावली. मी सांगितलं, कचेरीत नको, गोदामात घ्या. सकाळी जोत्यावर सतरंजी टाकली. अध्यक्ष, त्यांना सगळे अण्णा म्हणत, मधे बसले. सात-आठ संचालक, नकाशेवाला इंजिनिअर आणि कडेला मॅडम. तिच्या हातात फाइल होती, ती तिनं उघडली नाही.

मी सुरुवात बदलापासून केली. आधी काय ठरलं होतं, आता काय झालं, त्यामुळं काय वाढलं आणि काय गळलं. आतली भराई दोनशे शेहेचाळीस घनमीटर, म्हणजे सत्त्याऐंशी ब्रास. दगडकाम चोवीस घनमीटरला थोडं कमी. बाहेरून दगडांमधल्या दरजा सिमेंटनं भरणं चौपन्न चौरस मीटर. खांबांच्या पायथ्यांचं काँक्रीट. अँगल. शेवटी उतार रद्द, तो वजा. प्रत्येक ओळीपुढं कराराच्या तक्त्यातला बाब क्रमांक आणि दर. निव्वळ रक्कम तीन लाखांना थोडी कमी.

एका वयस्कर संचालकानं हात वर केला. हा माणूस रोज गोदामासमोरच्या वडाखाली बसून काम बघायचा.

"साहेब, तेवीस हायवा गाड्या म्या स्वतः मोजल्यात. एकीत पाच ब्रास. एकशे पंधरा झाले. तुम्ही सत्त्याऐंशी म्हणून राह्यले. मंग बाकीचा मुरूम कुठं जिरला?"

"दबाईत जिरला, दादा. हायवात तो भुसभुशीत असतो. पाणी मारून रोलर फिरवला की बसतो. करारात मोजणी बसलेल्या भराईची आहे."

"म्हंजे आणला जास्त, मागितला कमी?"

"मागायचा तेवढाच मागितला. बसण्याचा तोटा दरात धरलेला असतो."

शेजारचा संचालक हसला. "दादा, तुम्ही कंपनीकडून हाव का ठेकेदाराकडून? बिल वाढवून राह्यले तुम्ही!"

सगळे हसले. पण दादा पक्के होते. "हे समदं कागदावर. भराई खरंच दोन फूट हाय का, कशावरून?"

मी याचीच वाट बघत होतो. म्हणालो, "कुठंही बोट ठेवा, खोदू."

त्यांनी मधला भाग सोडून नेमका मागचा कोपरा निवडला, जिथं चोरी करायची तर माणूस करील. गड्यानं भिंतीला लागून खणायला घेतलं. बसलेला मुरूम, पहार टणटण वाजत होती. लाल रेघ उघडी पडली. दादांनी टेप स्वतः धरला, चष्मा कपाळावर चढवून वाचला. साठ सेंटिमीटर, वर सूतभर.

"बराबर," ते म्हणाले. "बिलकुल बराबर."

इंजिनिअरनं उंच्यांचा तक्ता वाचला. दर करारातले, त्यावर कुणी बोलूच शकत नव्हतं. अँगलवर जरा घासाघीस झाली, तिसरा भाव का आणला नाही म्हणून. मी म्हणालो, तुम्हीच आणा, कमी निघाला तर तो लावू. ते तिथंच मिटलं. माझं काम झालं होतं. गोष्ट सांगताना मी इथंच थांबत असे.

पुढं अण्णांनी विचारलं, "माप खरं, दर खरा. आता एकच सांगा. उंची वाढवा म्हणून तुम्हाला कोण म्हणलं?"

बाकीच्यांची तोंडं मॅडमकडं वळली. ती फाइलीकडं बघत म्हणाली, "मी सांगितलं."

तेव्हा मी बोललो. म्हणालो, "अण्णा, कल्पना माझी होती. ट्रक मी दाखवला. यांनी खर्च विचारला, इंजिनिअरला विचारलं, मग हो म्हणाल्या. लेखी आदेश मागणं माझं काम होतं, मी मागितला नाही. त्यासाठी बिल अडवायचं तर माझं अडवा. गावात जे बोलून राह्यलेत ते खोटं आहे. एक रुपया कुणाला दिलेला नाही."

अण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मॅडमचा राजीनामा. सकाळीच दिलेला.

"हे घ्या परत," अण्णा म्हणाले. "आता काय राह्यलं याच्यात?"

तिनं हात पुढं केला नाही. "दोन आठवडे झाले अण्णा. तुमच्यापैकी कोणी मला इचारलं न्हाई. घरी सासऱ्यानं इचारलं." मग ती माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "आन् साहेब, तुम्ही हे हॉटेलात बोलायचं व्हतं. तिथं तुम्ही बसलेले व्हते, मला कळलं. इथं तर तुम्ही तुमच्या बिलासाठी आलेले व्हते."

ती उठली, चपला घातल्या आणि जोत्याच्या कडेनं उतरून गेली. बिल त्याच बैठकीत मंजूर झालं. पैसे महिन्याभरात मिळाले, पूर्ण. ती परत आली नाही. पुढं जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत लागली, चांगलं करते आहे, असं ऐकतो. भेटायला गेलो नाही. मी गेलो तर तिला चहा सांगावा लागेल, बरं आहे म्हणावं लागेल. ते ओझं तिच्यावर कशाला?

गोदाम चांगलं चाललं आहे. ट्रक लागतो, फाळका टेकतो, पोती सरकत जातात. हमाल म्हणतात, मोठ्या डोक्याच्या माणसानं बांधलं. मला कुणी त्याबद्दल शाबासकी दिली की इतकी वर्षं मी ती घेतली. जोतं वाढवण्याचा निर्णय त्या बाईचा होता आणि तो बरोबर होता. त्याची किंमत तिनं एकटीनं दिली, कारण ज्या दिवशी बोलायला पाहिजे होतं त्या दिवशी मी चहाचे पैसे देऊन निघून आलो.