एकच गुडघा

नव्या पेठेत दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. लोकांचे पैसे म्युच्युअल फंडात गुंतवून देते आणि त्यावर कमिशन मिळवते. त्या वर्षापर्यंत मला वाटायचं, आपल्याला यातलं सगळं कळतं. आता त्या आत्मविश्वासाची लाज वाटते.

टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक मामा माझ्याकडे आले होते. मामींचे दोन्ही गुडघे बदलायचे होते आणि त्यासाठीचे पैसे एफडीत होते. ऑपरेशनला वर्षभर अवकाश होता. "एफडीत काय मिळतंय?" असं म्हणून मीच नाक मुरडलं. अर्धे पैसे सरकारी रोख्यांच्या लांब मुदतीच्या फंडात घातले, अर्धे शेअरच्या. "सरकार कधी बुडतं का?" हे वाक्यही माझंच. आधीच्या काही वर्षांत व्याजदर खाली आले होते, त्यामुळे त्या फंडाचे मागचे आकडे देखणे दिसत होते. मी आकड्यांना भुलले. वर्षभरात लागणारे पैसे अशा ठिकाणी ठेवायचे नसतात, हे या धंद्याच्या पहिल्या परीक्षेत शिकवतात. मी ती पास झाले होते!

मग महागाई वाढली. तेल, गॅस, सगळंच. आणि एका दुपारी, ठरलेली बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेने दर वाढवल्याची बातमी आली. मी डबा खात होते. घास तोंडातच राहिला. रोखे पडले, शेअर पडले.

मामा दुसऱ्याच दिवशी आले.

"सरकार बुडालं का म्याडम?"

"नाही हो मामा."

"मग माजे पैशे कशे कमी झाले?"

मी सोपं उदाहरण दिलं. "समजा तुमच्याकडचा जुना रोखा, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाचा कागद, वर्षाला शंभरावर सहा रुपये देतो. आज नवा कागद सात देतोय. तुमचा जुना कागद कुणी शंभराला घेईल का?"

"कशाला घील? रंग गेलेला टॉवेल हाय त्यो."

"म्हणून त्याचा भाव कमी होतो. मुदत जितकी लांब, तितका जास्त. आणि दर वाढले की कंपन्यांचं कर्जही महागतं, लोकांना व्याज बरं मिळायला लागतं, म्हणून शेअरही पडतात."

मामांना कळलं. कळल्यामुळे ते जास्तच घाबरले.

त्यात ऑपरेशन जवळ आल्यावर दवाखान्याने खर्चाचा नवा आकडा सांगितला. तोही महागाईनेच वाढलेला. एकाच महागाईने मामांना दोन्ही गालांवर मारलं होतं. फंडात तूट, तिकडे खर्च जास्त. मला वाटलं, मधला फरक आपण भरू. माझे थोडे पैसे क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनात होते. महागाईत ते टिकतं असं ऐकून घेतलेले, मी स्वतःला शहाणी समजत होतेच! पण अमेरिकेतही दर वाढत होते. स्वस्त पैसा आटला, आणि ज्याला ना व्याज ना भाडं, ते लोकांनी आधी विकलं. माझे पैसे निम्म्याहून खाली आले होते. मी मोबाईल उलटा ठेवून रडले.

"वरीसभर थांबलो तर?" मामांनी विचारलं. "डाक्टर म्हणतो, गोळ्यांवर भागंल, दुकंल तेवडं. ती म्हणती, सोसती मी."

थांबा, असं म्हणायला हवं होतं. पडलेले भाव सावरायला वेळ लागतो, हेच तर मी लोकांना सांगत आले होते. पण माझी झोप उडाली होती. "काढून घ्या मामा, अजून पडेल," मी म्हणाले. माझी भीती मी त्यांच्या गळ्यात घातली. हाती आलेल्या पैशांत एकाच गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

परवा मामा पुन्हा आले, नवा टॉवेल घेऊन. मधल्या तीन वर्षांत शेअर कधीच सावरले होते, पुढे रिझर्व्ह बँकेनेही दर उतरवले आणि जुन्या रोख्यांचे भाव वर आले. मामा येण्याआधी मी सहज त्यांच्या दोन्ही फंडांचा हिशेब लावून पाहिला होता. एक वर्ष थांबले असते तरी बरीच तूट भरली असती. आज दोन्ही गुडघे होऊन वर पैसे उरले असते.

"तुमी येळेवर काडायला लावलं म्हनून बरं," मामा टॉवेल टेबलावर ठेवत म्हणाले. "न्हाईतर येक बी झाला नसता."

हिशेबाचा कागद मी उलटा करून ठेवला.

"चहा घेऊन जा," एवढंच म्हणाले.

"नगं. ती खाली रिक्षात बसलीय. जिना चढवत न्हाई तिला."