म्हणून भाव रास्त

त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं. सरकारी खरेदी आखडली होती, खासगी व्यापारी बाजार समित्यांच्या यार्डात उतरले होते आणि जो उठेल तो कास्तकाराला अक्कल शिकवत होता. आमचे विभागप्रमुखही त्यात होते. मी यवतमाळच्या एका कॉलेजात तासांच्या हिशोबाने अर्थशास्त्र शिकवायचे आणि पीएच.डी.साठी तेच माझे मार्गदर्शक होते. प्रबंधावर त्यांची सही झाली तर मला कायमची नोकरी, नाही तर दर जूनमध्ये पुन्हा अर्ज घेऊन दारात उभं राहायचं.

विषय त्यांनीच दिला होता: जिल्ह्यातले कापसाचे रोजचे भाव. कालच्या भावावरून उद्याचा ओळखता येतो का, एवढाच प्रश्न. त्यासाठी व्हेरियन्स रेशो नावाची चाचणी आहे. रोजचे चढउतार एकमेकांना न विचारता होत असतील, तर पाच दिवसांच्या बदलाचा पसारा एका दिवसाच्या पसाऱ्याच्या पाचपट भरतो. त्याला पाचाने भागून एका दिवसाच्या पसाऱ्याशी गुणोत्तर काढलं की एक येतं. मग म्हणायचं, भाव रँडम वॉकने चालतो, त्याला मागचं काही आठवत नाही. चढामागे चढ आणि उतारामागे उतार येत असेल, तर गुणोत्तर एकच्या वर जातं.

माझं गेलं. दोन दिवसांचं एक पूर्णांक तीन आलं, पाच दिवसांचं दीडच्या आसपास. चढउताराचा जोर रोज सारखा नसतो, हे धरून तपासलं तरी फरक टिकला.

सर खूश झाले. "म्हणजे आज चढला की उद्याही चढणार. भाव सांगून येतो, यांना तो वाचता येत नाही. म्हणून तर ही दशा." दुसऱ्याच आठवड्यात एका शिबिरात त्यांनी हे ऐकवलं, समोर बसलेल्या कास्तकारांना. चढत्या दिवशी विकू नका, एक दिवस थांबा. यार्डात बंडी एक दिवस थांबवायची म्हणजे बैलांचा चारा, माणसाचं जेवण आणि पाऊस आला तर सगळं पाण्यात. फुकटचा सल्ला द्यायला काय जातं?

मला एक गोष्ट खटकत होती. चढउतारांचा आपसातला सहसंबंध फक्त एका दिवसाच्या अंतरापुरता होता. दोन, तीन, चार दिवसांच्या अंतरावर जवळजवळ शून्य. बाजारात खरोखर ओढ असती, तर ती एका रात्रीत विझली नसती. माझे भाव जिल्ह्याच्या सरासरीचे होते, निरनिराळ्या यार्डांचे मिळून जिल्हा कार्यालयाच्या रोजच्या तक्त्यात छापलेले. म्हणून एसटीने राळेगावला गेले आणि तिथल्या बाजार समितीच्या कारकुनाला विचारलं, तक्त्याला भाव कसा कळवता?

"फोन येते ना मॅडम, अकराले," तो म्हणाला. "आन आमचा लिलाव लागते बाराले. मंग काय सांगू? कालचाच लिहा म्हन्तो."

"रोज?"

"रोजच. त्याहिले दुपारच्या आत कागद पाठवा लागते. आमच्यासारखे अजून दोन-तीन यार्ड आहेत तसेच."

मी तिथेच बाकावर बसले. बहुतेक यार्ड आजचा भाव सांगत होते, काही कालचा, आणि तक्त्यात दोन्ही मिसळून सरासरी निघत होती. आज भाव चढला की बराचसा चढ आज दिसायचा, उरलेला उद्या. बाजाराला आठवण नव्हती, तक्त्याला होती. आणि त्यावरून सरांनी माणसांना अडाणी ठरवलं होतं.

पुढचे काही दिवस त्या कारकुनाजवळ बसून त्याच्या वहीतून फक्त लिलावाच्या दिवसांचे खरे भाव उतरवले. यार्डातल्या कास्तकारांशी ओळख झाली. तीन व्यापारी लिलावाआधी एकाच हॉटेलात चहा पिऊन बाहेर यायचे आणि बोली तिघांत पुढे सरकायचीच नाही, हेही पाहिलं. मग एकट्या राळेगावच्या भावांवर चाचणी केली. पाच दिवसांचं गुणोत्तर एक पूर्णांक शून्य तीन. इतका फरक योगायोगानेही पडतो. रँडम वॉक नाकारायला काहीच आधार नव्हता.

कागद सरांपुढे ठेवला. शिबिरातलं बोलणं मागे घ्यावं लागेल म्हणून चिडतील, असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा पुन्हा खुलला.

"छान. म्हणजे बाजार दुबळ्या अर्थाने कार्यक्षम आहे. जी माहिती आहे ती भावात उतरलेली आहे. लिही, म्हणून भाव रास्त."

चित भी मेरी, पट भी मेरी. गुणोत्तर एकच्या वर आलं तर कास्तकार मूर्ख, एक आलं तर त्याची तक्रार खोटी. मी म्हटलं, सर, त्या तिघांनी रोज भावात शेकडा पाच कापले, तरी टक्केवारीतला चढउतार होता तसाच राहील. गुणोत्तर तेच येईल. ही चाचणी भावाच्या हालचालीबद्दल बोलते, भाव किती असायला हवा याबद्दल नाही. कालच्या भावावरून उद्याचा सांगता येत नाही, एवढंच आपण म्हणू शकतो.

"तू प्रबंध लिहितेस की मोर्चा काढतेस?" सर म्हणाले. "ते वाक्य आलं की सही करतो."

दोन महिने ताणून धरलं. जून जवळ आला आणि मी ते वाक्य लिहिलं. आजही कुणी कारण विचारलं तर जून जवळ आला होता, एवढंच सांगता येतं, आणि ते सांगताना माझा मलाच संताप येतो.

नोकरी कायम झाली. पुढच्याच हंगामात एका सरकारी कार्यालयात बैठक होती. राळेगावकडचे कास्तकार हमीभावाचं खरेदी केंद्र मागायला आले होते आणि मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. तिथल्या साहेबांनी माझा प्रबंध उघडला आणि वाचून दाखवलं: "बाजार कार्यक्षम आहे, म्हणून भाव रास्त." मग म्हणाले, शास्त्रीय अभ्यासच असं सांगतोय, तर केंद्राची गरज काय?

यार्डात ओळख झालेली एक बाई मागच्या ओळीत होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"मॅडम, तुमी तं आमच्यासंगं बसून राह्यल्या होत्या तिथं. तुमाले दिसला का रास्त?"

मी उभी राहिले. ते वाक्य चूक आहे, मी सहीसाठी लिहिलं, माझ्या आकड्यांतून ते निघत नाही, हे सगळ्यांसमोर सांगितलं. शेकडा पाचचं उदाहरणही सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं.

"तुमचं तोंडी बरोबर की लेखी?"

"तोंडी."

"मॅडम, तोंडी फायलीला लागत नाही."

मी पुढे जाऊन त्यांच्या हातातली प्रत घेतली, ते वाक्य खोडलं आणि शेजारी सही केली. साहेबांनी प्रत परत घेऊन पाहिली आणि शिपायाला सांगितलं, "ही खराब झाली. कॉलेजातून चांगली मागवून घे."

दोन दिवसांत चांगली प्रत गेली. केंद्र झालं नाही.