कोणी न सांगितलेला कोड

काष्टी गावातल्या साडीदुकानात हन्ना बावीस वर्षं उभी होती. पाय थकले, तेव्हा शेठ म्हणाले, "महिनाभर व्हिडिओत साड्या दाखव. त्यातला 'पदर' हा कोड जी गल्ल्यावर सांगेल, तिला शंभर रुपये कमी. वीस कोड आले, तर बसून हेच काम कर."

बाया आल्या. "तुमीच ना मोबाईलमदल्या?" म्हणून हसल्या. पण गल्ल्यावर त्यांनी सवयीनं घासाघीस केली, आणि शेठनं प्रत्येकीला शंभर सोडले. मग कोड कोण सांगतंय?

महिन्याअखेर वहीत दोनच कोड होते.

"शेठ, कशामुळं आल्या, एवढं तरी इचारायचं हुतं."

"कवा इचारू, बाई? ह्या महिन्यात गर्दी लई हुती."

हन्नानं वही मिटली. दारात गिऱ्हाईक उभं होतं.