साठ दिवसांचा सहसंबंध

जळगावच्या एका सराफी पेढीत मी सोन्याच्या भावांचा अभ्यास करायचे. आमच्या मालकांना, म्हणजे भाऊंना, ग्राहक मेळाव्यासाठी एकच आकडा हवा होता: डॉलर आणि सोनं किती उलटे चालतात?

मी पायथॉन या संगणकभाषेत दोन्हींचे रोजचे टक्केवारी बदल काढले आणि साठ-साठ दिवसांचा सहसंबंध एकेक दिवस पुढे सरकवत मोजला. त्यात उणे एक म्हणजे पूर्ण उलटी चाल, अधिक एक म्हणजे पूर्ण सोबतची. आलेखाची रेघ उणे सात दशांशापर्यंत उतरायची आणि कधी शून्य ओलांडून वरही यायची. साठऐवजी वीस दिवस घेतले की ती आणखी उसळायची. अडीचशे घेतले तर शांत व्हायची, पण एका जागी थांबायची नाही.

"भाऊ, नातंच बदलत राहतं. एक आकडा सांगणं खोटं ठरेल."

"सगळ्यात खालचा आकडा छापा," ते म्हणाले.

माझं न ऐकता त्यांनी पत्रक छापलं, 'डॉलर पडला की सोनं चढणारच', आणि खाली 'आमच्या अभ्यासानुसार: उणे सात दशांश'. माझं डोकंच फिरलं. मेळाव्यात मी उठून पडद्यावर अख्खी रेघ लावली. "इथे बघा, या काळात दोन्ही बहुतेक एकाच दिशेनं हललेत."

भाऊंनी मला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. आता मी धुळ्याला देवपूरच्या एका कॉलेजात शिकवते. ते पत्रक मात्र पेढीत अजून वाटतात.