मरणाची तालीम

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चियोबाईंनी मरायची तालीम सुरू केली. आपल्यामागे पन्नाशीच्या गतिमंद मुलाचं, नोबोरूचं कसं होणार, हाच त्यांना घोर. ओसाकातल्या, अशा प्रौढांना एकत्र सांभाळणाऱ्या एका गटनिवासात त्याला आठवडाभर सवयीसाठी पाठवताना त्यांनी त्याच्यासमोरच मुलीला बजावलं, "हारुए, हा आठवडा मी मेले समज. राहण्याचा खर्च याच्या अपंग पेन्शनमधून भागेल, पैसे कोर्ट नेमेल तो पालक बघेल. तू नुसती बहीण राहा."

"आई, मेलेली माणसं इतकं बोलत नाहीत."

आठवड्याने नोबोरू परतला. बाईंनी त्याच्या आवडीचा रस्साभात वाढला. एक घास खाऊन तो म्हणाला, "तिकडे यात गाजरं जास्त घालतात, मस्त लागतं. आई, तू परत कधी मरणार?"

चियोबाईंनी डोळे पुसले आणि पुढच्या मरणाची तारीख घ्यायला निवासात फोन लावला.