तेलघाणीवाल्यापुढे ठेवलेला कागद

"आजी, दोन डबे तेल घेऊन जा अन् माह्या तेलाचा व्हिडिओ टाका," यवतमाळचा घाणीवाला म्हणाला आणि आमचा कागद न वाचताच त्यानं बाजूला सारला. सुनेचा चेहरा पडला. आज पैसे ठरले नाहीत, तर व्हिडिओ बंद करून ती उद्यापासून दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाणार होती.

"तेल आमच्या घरी बी आहे," मी म्हटलं. "हे दोन दिवसांचं काम आहे, त्याची मजुरी लागते. आधी वाच तर."

त्यानं वाचलं. एकच पान होतं. आमचं स्वयंपाकाचं चॅनल, एक व्हिडिओ साधारण किती जण बघतात, ते कुठले, आणि खाली दर: एका व्हिडिओचे पाच हजार रुपये. अंबाडीच्या भाजीचा आमचा एक व्हिडिओ लाखावर गेला होता. सुनेला तोच आकडा लिहायचा होता. मी नेहमीचा, आठ हजारांचा लिहायला लावला.

घाणीवाल्यानं मोबाइलवर आमचे व्हिडिओ एकेक करून पाहिले.

"लाखवाला काहून नाही लिहिला?"

"तो एकदाच झाला. दर वेळी तुले कुठून आणून देऊ?"

"मागच्या व्हिडिओवाल्यानं लाख सांगून मले ठकवलं," तो म्हणाला. "तुमचे बघणारे यवतमाळ-वर्ध्याचे, माह्यं गिऱ्हाईक बी तिथलंच. चार हजार करा."

"चारात छोटा व्हिडिओ होईल. अन् छोटा असो की मोठा, ही जाहिरात आहे, हे त्यावर लिहीन."

त्यानं पूर्ण व्हिडिओचे पाच हजार कबूल केले, अर्धे लगेच दिले.

सून निंदणाला गेली नाही. चॅनल चालू आहे आणि त्यात आम्ही दोघीही आहोत.