मागची वायर

काकाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सगळे तिला 'स्क्रू' म्हणायचे. नववीत शाळेला रामराम ठोकला तेव्हा घरात कुणी तिचं तोंड बघेना. काकाने मात्र तिच्या हातात पेचकस दिला, "बस इथे." त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून काकाला कुणी वाकडं बोललं की ही अंगावर धावून जायची.

त्या दिवशी सकाळपासून बारा कॉम्प्युटर झाडून तिची पाठ पार कामातून गेली होती. तेवढ्यात गल्लीतल्या शिंपीणबाई आपला कॉम्प्युटरचा डबा घेऊन आल्या.

"नवं ग्राफिक्स कार्ड टाक गं. जुनं घरघरतंय. भाचा म्हणतो, गेम खेळायचे तर दणकट घे."

"कुठले गेम खेळता?"

"ते रंगीत गोळे फोडायचे. आणि शेतीचा."

स्क्रूने डबा फिरवला. "घरी मॉनिटरची वायर कुठे असते?"

"ह्या वरच्या भोकात. दोन वर्षांपूर्वी तुझ्या काकांनी कार्ड बसवून लावली तेव्हापासून हलवली नाही."

वरचं भोक मदरबोर्डचं, मूळ बोर्डाचं. कार्डाची भोकं खाली, आडवी; वायर तिथे हवी होती, पण त्यांची टोपणंसुद्धा जागच्या जागी. या बोर्डात कार्ड बसवलं तरी प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालूच राहायचं, त्यामुळे चित्र दिसत होतं नि कुणाला पत्ता नव्हता. दोन वर्षं बाई फुकटच्या ग्राफिक्सवर गोळे फोडत होत्या, आणि कार्ड आत नुसतं पंखा फिरवत बसलं होतं.

काका मागे कथील वितळवून सोल्डर करत होता, नाक बोर्डाला टेकवून. डोळे गेल्यात जमा, पण चष्म्याचा नंबर वाढलाय हे कबूल करायचा नाही. हे बाहेर पडलं तर गल्लीभर होणार, म्हातारा आंधळा झाला म्हणून.

तिने कार्ड उपसलं, वायर वरच लावली, गेम चालू केला. गोळे टपाटप फुटले. घरघर बंद.

"नवं नको. लढाईचे मोठे गेम असते तर कार्ड लागलंच असतं. तुम्हाला आतलंच पुरतंय."

"मग हे कशाला होतं? कार्ड काढलं तरी वायर तीच चालते, म्हणजे ती कार्डाला नव्हतीच! चुकीची लावली कुणी?"

"मी."

"तू? दोन वर्षांपूर्वी तू शाळेत होतीस!"

स्क्रू दमली होती. खोटंसुद्धा धड जमेना.

मागे सोल्डरचा धूर थांबला. काका उठला, चष्मा शर्टाला पुसला. "मीच लावली, बाई. चाचपून लावली. दिसत नव्हतं मला." मग जुनं कार्ड हातात घेतलं. "हे मी परत घेतो. पैसे देतो."

शिंपीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग डबा काखोटीला मारला. "पैसे राहू द्या. त्यातून चष्मा करा आधी."

त्या गेल्या. काका स्टुलावर मटकन बसला.

"कशाला अंगावर घेत होतीस गं?"

"तुम्ही कशाला कबूल केलंत?"

काकाने सोल्डरिंगची कांडी तिच्या पुढ्यात सरकवली. "बारीक कामं आता तू कर."

तिला अजून पाच डबे झाडायचे होते. तिने स्टूल ओढलं.